मोरपंखी वाट्या: भट्टीच्या नोंदी

१२ ऑक्टोबर

मावशीने संक्रांतीच्या वाणासाठी साठ वाट्या सांगितल्या. एका वाटीत हळद, एकीत कुंकू, असे तीस जोड. रंग मोरपंखी हवा. नमुना म्हणून तिने जयपूरहून आणलेली निळ्या पॉटरीची छोटी वाटी दिली. ती खिडकीत ठेवली आहे. उजेड पडला की तिचा रंग पाण्यासारखा आतून येतो.

तो रंग तांब्याचा, एवढं माहीत होतं. कॉपर कार्बोनेट घरात होतंच. वाट्या होटगी रोडच्या पलीकडचे कुंभारमामा चाकावर करून देणार. त्यांची माती तळ्यातली, ओली असताना काळी-करडी, भाजल्यावर विटेसारखी लाल. मी म्हटलं, महिन्याभरात होऊन जाईल.

२० ऑक्टोबर

ग्लेझ म्हणजे मडक्यावर वितळवून बसवलेली काच. काच बनवायला फ्रिट वापरतोय, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. दोन जातींचा मागवलाय: एकात सोडा भरपूर, दुसऱ्यात बोरॉन आणि कॅल्शियम. दोन्ही ग्लेझची कृती मुद्दाम एकच ठेवली. फ्रिट ८५, क्वार्ट्झ १०, चिनी माती ५, आणि त्या शंभरावर कॉपर कार्बोनेट ३. फरक फक्त फ्रिटचा, म्हणजे रंग बदलला तर कशामुळे ते कळेल.

कालवल्यावर दोन्ही मग अगदी सारखे दिसले. फिका पिस्ता. आईने डोकावून विचारलं, "हे बर्फीचं आहे का?" रंगाच्या डब्यावरून भिंतीचा रंग कळतो तसं इथे काहीच कळत नाही.

का कळत नाही ते बघायला कार्बोनेटची चिमूट एका टाकाऊ स्टीलच्या चमच्यात घेऊन अंगणात शेगडीवर धरली. मिनिटभरात हिरवी पूड काळी पडली. कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी निघून गेलं, मागे काळं कॉपर ऑक्साइड उरलं. म्हणजे भट्टी लालसुद्धा झालेली नसते तेव्हाच मगातला पिस्ता संपलेला असतो. मग काच वितळते आणि ही काळी पूड तिच्यात साखरेसारखी विरघळते. कण उरतच नाहीत. आपण शेवटी बघतो तो रंग पुडीचा नसतो, काचेत सुटे झालेल्या तांब्याचा असतो. (तो चमचा आता कायमचा भट्टीच्या सामानात. स्वयंपाकघरात परत नेलेला नाही, आईने वाचलं तर हे नोंदवून ठेवतो.)

पांढऱ्या मातीच्या दहा टाइल्स घरात शिल्लक होत्या. पाच या ग्लेझमध्ये, पाच त्या ग्लेझमध्ये बुडवल्या. मागे बॉलपेनने नंबर घातले.

२३ ऑक्टोबर

भट्टी उघडली. पेनचे नंबर जळून गेले. शाई ती, जळणारच. यापुढे नंबर लाल आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून ब्रशने.

पण या वेळी नंबरांवाचून अडलं नाही. पाच टाइल्स मोरपंखी, पाच कढीपत्त्यासारख्या हिरव्या. तेच तांबं, तेवढंच तांबं, तीच भट्टी.

विरघळलेल्या तांब्याभोवती ऑक्सिजनचं कडं असतं. ते कडं किती घट्ट किंवा सैल, हे आसपास सोडियम आहे की बोरॉन, कॅल्शियम आणि ॲल्युमिना आहे यावर ठरतं. त्यानुसार तांबं प्रकाशातला कोणता भाग खाणार ते सरकतं. सोडा भरपूर असलेल्या काचेत ते मुख्यतः तांबडा भाग खातं आणि निळसर उरतो. दुसऱ्या काचेत जांभळ्या-निळ्या टोकाचाही काही भाग जातो, मग मध्ये उरतो तो हिरवा. म्हणून "तांब्याचा रंग कोणता" हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या काचेतलं तांबं, ते आधी सांगावं लागतं.

चिनी माती फक्त पाच भाग का, याचंही उत्तर यातच. चिनी माती वाढवली की ॲल्युमिना वाढतं आणि मोरपंखी हिरव्याकडे झुकतो. माती कमी असल्याने ग्लेझ तळाशी दगडासारखं बसतं, हा त्रास आहे. दोन टक्के बेंटोनाइट घातल्यावर जरा तरंगायला लागलं.

२ नोव्हेंबर

सोड्याच्या ग्लेझला एक खोड आहे. थंड होताना टाइल्स टिक्-टिक् वाजत होत्या. दुसऱ्या दिवशी शाई लावून, पुसून बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. सोड्याची काच तापल्यावर जास्त फुगते आणि थंड होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसते. मग तिला फाटावंच लागतं. बोरॉनच्या ग्लेझला भेग एकही नाही.

म्हणजे रंग एकीकडे, मजबुती दुसरीकडे. मधली जागा शोधायला लाइन ब्लेंड केलं. दोन्ही मगांचा दाटपणा आधी सारखा केला. १०० मिलीचं वजन १४५ ग्रॅम भरेपर्यंत पाणी घातलं. दाटपणा सारखा असला की पुन्हा पूड तोलायची गरज नाही, सिरिंजने मोजून मिसळता येतं. चाळीस मिलीचे पाच पेले केले: नुसता सोडा, तीस-दहा, वीस-वीस, दहा-तीस, नुसता बोरॉन.

निकाल सरळ रेषेत येईल असं वाटलं होतं. तसा आला नाही. तीस-दहापर्यंत मोरपंखी जवळजवळ टिकला, भेगा मात्र निम्म्याहून कमी झाल्या. वीस-वीसला एकदम समुद्री हिरवा. पुढचे दोन एकमेकांत ओळखू येत नाहीत इतके सारखे. ब्लेंडचा फायदा हाच. पाच टाइल्स ओळीने ठेवल्या की रंग कुठे हळू चालतो आणि कुठे उडी मारतो ते दिसतं. उडीच्या अलीकडे थोडं अंतर राखून उभं राहायचं. बत्तीस-आठ घ्यायचं ठरवलं, म्हणजे शंभरात ऐंशी सोडा, वीस बोरॉन. आधी वहीत लिहिलं, "मोरपंखी, किंचित हिरवट, भेगा विरळ." मग टाइल भाजली. तशीच आली. स्वतःवर खूश.

२४ नोव्हेंबर

दिवाळीत तीन आठवडे गेले. मामांकडून पहिल्या बारा वाट्या आणल्या. घरी १०४० अंशांवर भाजल्या, ठरलेल्या ग्लेझमध्ये बुडवून १००० अंशांवर पुन्हा भाजल्या.

बाराच्या बारा शेवाळलेल्या हौदाच्या तळासारख्या आल्या. काळपट, तपकिरी, कुठे हिरवट झाक. जयपूरच्या वाटीशेजारी एक ठेवली आणि लगेच उचलली.

रात्री अण्णांना दाखवल्या. त्यांची पस्तीस वर्षं सूत रंगवण्यात गेली. चादरीच्या ऑर्डरचा शेड जुळवणं हेच काम. त्यांनी आधी टाइल बघितली, मग वाटी, आणि विचारलं, "डिप कुठल्या सुतावर मारलास?"

त्यांच्याकडे लॉट रंगवण्याआधी लॅब डिप मारतात, म्हणजे थोडं सूत नमुन्यादाखल रंगवून बघतात. डिप ज्या सुताची असेल त्याच सुतावर. कोरं सूत आणि ब्लीच केलेलं सूत एकाच रंगात बुडवलं तरी शेड वेगळा येतो. मी डिप पांढऱ्या सुतावर मारली आणि लॉट लाल सुताचा रंगवला.

३० नोव्हेंबर

मामांच्या मातीच्या टाइल्स केल्या. यापुढे चाचणी यांच्यावरच. एक टाइल अर्धी पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवून, अर्धी तशीच ठेवून वर निळा जिलेटिन कागद धरला. भट्टीशिवायच उत्तर मिळालं. पांढऱ्या भागावर कागद निळा, लाल भागावर काळपट.

ग्लेझ पारदर्शक आहे. उजेड त्यातून आत जातो, मातीवर आपटतो आणि पुन्हा त्यातूनच बाहेर येतो. पांढरी माती सगळे रंग परत पाठवते. त्यातला तांबडा तांबं खातं आणि निळा आपल्याकडे येतो. लाल माती परत पाठवते तो मुख्यतः तांबडाच, आणि नेमका तोच तांब्याचा घास. मग डोळ्यांपर्यंत यायला उरतं काय? म्हणून वाटी काळपट.

शिवाय वितळलेली काच मातीचा वरचा थर थोडा चाटते. मातीतलं लोह तिच्यात उतरतं. लोह निळ्या-जांभळ्या भागावर ताव मारतं आणि काचेला पिवळट करतं. निळ्यात पिवळं गेलं की हिरवट. ती शेवाळी झाक तिथली.

जयपूरच्या वाटीचं कोडंही सुटलं. ती मुळात कुंभाराच्या मातीची नाहीच. तिचा देह क्वार्ट्झच्या पुडीचा, काचेची पूड आणि थोडी मुलतानी माती घालून केलेला. त्यात लोह जवळजवळ नाही. माझ्या तांब्याचा दोष नव्हता, मी त्याला लाल भिंतीसमोर उभं केलं होतं.

तयार सिरॅमिक स्टेनचा विचार केला. झिर्कोनियम-व्हॅनेडियमचा निळा स्टेन येतो. तो काचेत विरघळत नाही, त्याचे स्फटिक तसेच राहतात, म्हणून पुडीत दिसतो साधारण तोच रंग भाजल्यावर. अंदाज बांधायची कटकट कमी. एक टाइल केली. रंग बरोबर, पण दाराला ऑइलपेंट दिल्यासारखा मख्ख. उजेड आत जातच नाही. मावशीला पाण्यासारखा हवाय.

तर ब्लीच करायचं, म्हणजे लाल मातीवर पांढरी स्लिप, पातळ कालवलेल्या पांढऱ्या मातीचा लेप.

८ डिसेंबर

स्लिप: चिनी माती ५०, क्वार्ट्झ ३०, सोड्याचा फ्रिट २०. पूर्ण वाळलेल्या वाट्यांवर लावली. वाळताना काठावरून पापडासारखी सुटली.

मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "वाळलेली वाटी आकसून झाली. तुझी ओली माती आता आकसणार. दोघांचं जमायचं कसं? वाटी चामड्यासारखी असताना लाव." शिकवायचं शुल्क म्हणून चहा.

१५ डिसेंबर

मामांच्या अंगणात बसून अर्धवट वाळलेल्या वाट्यांना स्लिप लावली. नख टेकवलं तर खूण उठते पण वाटी दबत नाही, ती वेळ. वाटी आणि स्लिप बरोबर आकसल्या, पापडी सुटली नाही.

थर किती, हा दुसरा प्रश्न. चाचणीच्या टाइल्स उभ्या पट्टीच्या करतो आणि त्यांना टप्प्याटप्प्याने बुडवतो, म्हणजे एकाच टाइलवर एक, दोन आणि तीन थर मिळतात. स्लिपच्या एका थराखालून लाली डोकावली आणि वरचा मोरपंखी करडा झाला. दोन थरांवर स्वच्छ. तीनला काही फायदा नाही.

ग्लेझचंही तसंच. पातळ असेल तर आभाळी, जाड असेल तर गडद मोरपंखी, आणि वाटीच्या तळाशी वितळून साचतं तिथे सर्वांत गडद. उजेडाला जितकी जास्त काच ओलांडावी लागेल तितका तांबडा खाल्ला जातो. ग्लेझला "रंग अमुक" म्हणताना जाडी सांगितली नाही तर वाक्य अपुरं. मी तीन सेकंद बुडवतो आणि वाळल्यावर टाचणीने टोचून थर बघतो. साधारण एक मिलिमीटर. भाजल्यावर तो निम्म्याच्या आसपास येतो.

२१ डिसेंबर

भट्टी ९७० अंशांवर असताना वीज गेली. चाळीस मिनिटांनी आली. कंट्रोलरने पुन्हा चढवून १००० ला बंद केली. आकडा बरोबर, म्हणून मी निश्चिंत झोपलो.

सकाळी सहा चाचणी वाट्यांचं ग्लेझ काठावरून उतरून तळाशी डबकं झालेलं. काठ आभाळी, तळ गडद. पण सुदैवाने आत ०६ नंबरचा कोन ठेवला होता. कोन म्हणजे ग्लेझसारख्याच मिश्रणाची निमुळती कांडी, ठरलेली उष्णता पोचली की वाकते. त्याचं टोक खाली टेकलं की काम झालं असं समजायचं. माझा कोन पूर्ण आडवा पडला होता. थर्मामीटर त्या क्षणाचं तापमान सांगतो. वितळणं मात्र तापमान आणि वेळ दोन्हींवर चालतं. वीज गेल्यावर भट्टी गार होत गेली तरी हळूहळू, आणि मग पुन्हा तेवढाच चढ हळूहळू चढली. वाट्यांना जास्तीची शिजवण मिळाली.

यापुढे प्रत्येक फळीवर एक कोन, आणि वहीत आकड्याशेजारी कोन किती वाकला त्याचं चित्र.

२८ डिसेंबर

मावशीचा फोन. "वाटीत लोणचंही ठेवता येईल ना?"

हे होणारच होतं. एक टाइल अर्धी व्हिनेगरमध्ये उभी करून रात्रभर ठेवली. बुडालेला भाग फिका आणि मंद झाला, रेघ मारल्यासारखी सीमा दिसते. सोडा जास्त असलेली काच मऊ असते, आंबट पदार्थ तिच्यातलं तांबं ओढून घेतो. रेघ दिसली म्हणजे नापास, एवढं या परीक्षेने नक्की कळतं. रेघ न दिसली तरी पास म्हणता येत नाही, कारण डोळ्याला न दिसण्याइतकं तांबंही उतरू शकतं. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. वर भेगा आहेतच.

मावशीला टाइल दाखवली. कोरडी हळद, कोरडं कुंकू, बास. वाट्यांच्या तळाशी "खाण्यासाठी नाही" असं आयर्न ऑक्साइडने लिहायचं ठरलं. ती थोडी हिरमुसली, पण रंग बदलू का विचारलं तर नको म्हणाली.

५ जानेवारी

मोठी बादली. नुकत्याच केलेल्या चाचणीत तांबं किंचित कमी वाटलं. स्लिपचा पांढरा टाइलच्या पांढऱ्यापेक्षा जरा मळकट आहे, त्याला गडद रंग बरा दिसतो. कार्बोनेट तीनवरून चार टक्के करायचं. पण बादलीत आता पाणी मिसळलेलं आहे, त्यात कोरडी पूड किती?

बादलीत २००० मिली, वजन २९०० ग्रॅम. सगळं पाणी असतं तर २००० ग्रॅम भरलं असतं. वरचे ९०० ग्रॅम पूड पाण्यापेक्षा जड आहे म्हणून आले. पुडीची घनता साधारण २.६ धरली तर पुडीचा प्रत्येक २.६ ग्रॅम एक ग्रॅम पाण्याची जागा घेतो, म्हणजे वरचढ १.६ ग्रॅम. म्हणून ९०० ला २.६ ने गुणून १.६ ने भागलं: सुमारे १४६० ग्रॅम पूड. एक टक्का म्हणजे १४.६ ग्रॅम कार्बोनेट. थोड्या पाण्यात कालवून, बारीक चाळणीतून गाळून घातलं. न गाळता घातलं की गुठळीच्या जागी काळा ठिपका उठतो.

याहून फार वाढवत नाही. ऑक्टोबरमध्ये उत्सुकतेपोटी आठ टक्क्यांची टाइल केली होती, ती काळी आणि धातूसारखी आली. काच सामावून घेईल तेवढंच तांबं विरघळतं, बाकीचं वर येऊन बसतं.

लॉटआधी तीन चाचणी वाट्या: मामांची माती, स्लिपचे दोन थर, याच बादलीतलं ग्लेझ, भट्टीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या फळीवर. वहीत आधीच लिहिलं: "वर गडद, खाली एक छटा फिका."

७ जानेवारी

उलटं आलं. खालची गडद, वरची फिकी. वरचा कोन जास्त वाकलेला, म्हणजे वर उष्णता जास्त, तिथलं ग्लेझ जास्त पाघळून काठावर पातळ झालं. मी फक्त रंगाचा विचार केला, पाघळण्याचा नाही. जाड थराच्या वाट्या वर, पातळ थराच्या खाली लावायच्या. तसा फरक मिटेल.

१० जानेवारी

चौसष्ट भाजल्या होत्या. दोघींची स्लिप काठाला सुटली, एकीत काळा ठिपका, एक माझ्या हातून पडली. बरोबर साठ उरल्या. जयपूरच्या वाटीपेक्षा आपला मोरपंखी किंचित हिरवा आहे. तो वीस भाग बोरॉन दिसतोय.

गड्डा जत्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत मावशी रिक्षा घेऊन आली. वाट्या कागदात गुंडाळताना तिचं लक्ष फळीवरच्या एका बरणीकडे गेलं. फिकी जांभळट-गुलाबी पूड.

"पुढच्या वर्षी या रंगाच्या करशील? हा फार गोड आहे."

ते कोबाल्ट कार्बोनेट आहे. मी तिच्या हातात भाजलेली टाइल दिली. गडद निळी.